दीड कोटीची रेषा ओलांडली त्या दिवसापासून: कंपोझिशनमधल्या दुकानदाराला येणारी नोटीस सोप्या भाषेत

जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि तेव्हापासून आपल्याकडच्या मोंढ्यातही एक प्रश्न वारंवार कानावर येतो: "आपण तर कंपोझिशनमध्ये आहोत, तीन महिन्यांनी एक टक्का भरतो, आपल्याला कशाला नोटीस येईल?" येते. आणि ती बहुतेक वेळा चोरी करणाऱ्याला नाही, तर वर्षाच्या मधेच कधीतरी उलाढालीची मर्यादा ओलांडून तसाच पुढे चालत राहिलेल्या दुकानदाराला येते. मर्यादा ओलांडणं हा गुन्हा नाही, धंदा वाढल्याची ती खूण आहे. नुकसान होतं ते ओलांडल्यानंतर गेलेल्या वेळेमुळे. तो वेळ नेमका किती महागात पडतो, हे एका दुकानाचा हिशोब मांडून पाहू.

## कंपोझिशन म्हणजे कसला सौदा

नेहमीच्या जीएसटीत दुकानदार गिऱ्हाइकाकडून कर घेतो, स्वतः माल घेताना भरलेला कर त्यातून वजा करतो आणि उरलेला सरकारला देतो. ही वजावट म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट. यापुढे तिला नुसतं क्रेडिट म्हणू.

कंपोझिशन हा छोट्यांसाठीचा सुटसुटीत पर्याय आहे. माल विकणाऱ्याने करपात्र विक्रीवर सरसकट 1 टक्का भरायचा, तोही स्वतःच्या खिशातून. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर मागायचा नाही, खरेदीवरचं क्रेडिट घ्यायचं नाही. टॅक्स इन्व्हॉइसऐवजी बिल ऑफ सप्लाय द्यायचं आणि त्यावर आपण कंपोझिशनमध्ये असल्याचं ठळक लिहायचं. दर तिमाहीला सीएमपी-08 या फॉर्मवर कर, वर्षाला जीएसटीआर-4 हे एक विवरणपत्र, झालं काम. महाराष्ट्रात यासाठी मर्यादा आहे 1 कोटी 50 लाख रुपयांची.

आणखी एक अट सीमेवरच्या तालुक्यांत विसरली जाते. देगलूर, उदगीर, उमरग्याच्या दुकानदाराने पलीकडच्या राज्यात माल पाठवला, तर उलाढाल कितीही कमी असली तरी कंपोझिशनची अट मोडते. इथे आपण फक्त उलाढालीच्या मर्यादेबद्दल बोलू.

## दीड कोटीत काय काय मोजायचं

घोळाची सुरुवात इथेच होते. समजा, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाइप, मोटारी आणि फिटिंगचं दुकान आहे. सगळा माल 18 टक्क्यांचा. हाच दुकानदार हंगामात शेतकऱ्यांकडून हरभरा आणि तूर स्वतःच्या नावावर घेतो आणि लातूरच्या डाळ मिलला पोत्यांनी विकतो. 25 किलोच्या वरच्या पोत्यातलं असं कडधान्य करमुक्त आहे. वर्षाच्या शेवटी तो हिशोब करतो: दुकानाची विक्री 1 कोटी 10 लाख. मर्यादा दीड कोटी. म्हणजे अजून 40 लाखांची मोकळीक.

त्याच्या कर सल्लागाराने तुरीची बिलं मागितली, तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, तुरीवर टॅक्सच नाही, ती कशाला मोजायची?"

1 टक्का भरण्यासाठी ती मोजायची नाही, हे त्याचं बरोबर आहे. पण मर्यादा ओलांडली का हे पाहण्यासाठी ती मोजायचीच. कायदा इथे एकूण उलाढाल धरतो. तिच्यात करपात्र विक्री येते, करमुक्त विक्रीही येते, आणि एकाच पॅनवरचे सगळे धंदे येतात. दुकान वेगळं, गोदाम वेगळं, पाटी वेगळी असली तरी पॅन एक म्हणजे बेरीज एक. ठेवीवरचं किंवा उसन्या दिलेल्या पैशावरचं व्याज तेवढं या मोजणीतून वगळलेलं आहे.

आडतवाल्यांनी इथे थोडं थांबून पाहावं. माल शेतकऱ्याचा, बिल शेतकरी आणि खरेदीदार यांच्यातलं आणि तुमची फक्त आडत, असं असेल तर मालाची पूर्ण किंमत तुमची विक्री होत नाही. पण खरेदीदाराला बिल तुमच्या नावाने जात असेल, तर ती तुमची विक्री आहे. तोंडी व्यवहार कसा ठरला होता हे नंतर कोणी विचारत नाही, बिलावरचं नाव पाहिलं जातं.

## रेषा नेमकी कधी ओलांडली

2024-25 या वर्षाचं आपल्या दुकानदाराचं खातं असं आहे. एप्रिल 2024 ते जानेवारी 2025 दुकानाची विक्री 92 लाख. एप्रिल-मेमध्ये विकलेला हरभरा 36 लाख. जानेवारीतली तूर 16 लाख. 31 जानेवारीला बेरीज 1 कोटी 44 लाख. फेब्रुवारीच्या पहिल्या नऊ दिवसांत दुकान 3 लाख आणि तूर 2 लाख, म्हणजे 1 कोटी 49 लाख. 10 फेब्रुवारीला लातूरला तुरीची एक गाडी गेली, 2 लाख 20 हजारांची. त्या बिलासरशी बेरीज 1 कोटी 51 लाख 20 हजार झाली.

सीजीएसटी कायद्याच्या कलम 10(3) प्रमाणे त्याच दिवशी, 10 फेब्रुवारी 2025 ला, त्याचा कंपोझिशनचा पर्याय संपला. त्यासाठी कुणाचा आदेश लागत नाही, पत्र यावं लागत नाही. ज्या गाडीने रेषा ओलांडली तिच्यावर एक रुपयाही कर नव्हता, पण तिच्यानंतर विकलेल्या प्रत्येक पाइपावर 18 टक्के लागू झाले.

सेलू ते परभणी एसटीचा पास असलेला माणूस त्याच गाडीने नांदेडला निघाला, तर पास परभणीलाच संपतो. कंडक्टरने पुढे कधी का विचारेना, तिकीट परभणीपासूनचंच लागतं. दुकानदाराचा पास 10 फेब्रुवारीला संपला. त्याने पुढचा प्रवास त्याच पासावर केला.

## "पण मागच्या वर्षी तर मी दीड कोटीच्या आत होतो"

हा गैरसमज सर्वांत जास्त पसरलेला आहे आणि तो अर्धा खरा असल्यामुळे टिकून राहिला आहे. कंपोझिशनमध्ये प्रवेश मिळतो का, हे मागच्या आर्थिक वर्षाच्या उलाढालीवर ठरतं. त्यावरून अनेकांनी धरलं की चालू वर्षी कितीही विक्री झाली तरी 31 मार्चपर्यंत अभय आहे. तसं नाही. चालू वर्षातली बेरीज ज्या दिवशी मर्यादेच्या वर गेली, त्या दिवशी पर्याय संपला.

आपला दुकानदार तर दोन्हीकडून सापडला. फेब्रुवारीत चालू वर्षाची रेषा ओलांडली, आणि 1 एप्रिल 2025 पासून मागच्या वर्षाची उलाढाल 1 कोटी 80 लाख असल्यामुळे नव्या वर्षातही तो पात्र उरला नाही.

"मग पोर्टलने मला सीएमपी-08 भरू कसं दिलं?" एकदा घेतलेला पर्याय दरवर्षी नव्याने घ्यावा लागत नाही, तो आपोआप पुढे चालू राहतो. मर्यादा पाळणं ही भरणाऱ्याची जबाबदारी आहे. पोर्टलला तुरीची गाडी दिसत नाही, त्याला तुम्ही भरलेला आकडा दिसतो. चलन स्वीकारलं म्हणजे पात्रता मान्य केली, असा त्याचा अर्थ होत नाही.

## त्या आठवड्यात काय करायला हवं होतं

नियम 6 प्रमाणे तीन गोष्टी. त्या दिवसापासून टॅक्स इन्व्हॉइस द्यायला सुरुवात करायची. सात दिवसांच्या आत सीएमपी-04 भरून कंपोझिशनमधून बाहेर पडत असल्याचं कळवायचं. हा फॉर्म पोर्टलवर Services, मग Registration, मग Application for Withdrawal from Composition Levy इथे मिळतो. आणि तीस दिवसांच्या आत आयटीसी-01 भरून त्या दिवशी दुकानात पडलेल्या मालावरचं क्रेडिट मागायचं.

तिसरी गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, आणि पैसा तिथेच आहे. कंपोझिशनमध्ये असताना घेतलेल्या मालावरचा कर दुकानदाराने किमतीत धरून सोडून दिलेला असतो. बाहेर पडताना शिल्लक मालापुरता तो परत मिळवता येतो. त्यासाठी खरेदीची पक्की बिलं हवीत आणि बिल एका वर्षाच्या आतलं हवं. क्रेडिटची रक्कम 2 लाखांच्या वर असेल तर चार्टर्ड अकाउंटंटचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून रेषा ओलांडली त्या संध्याकाळी स्टॉक मोजून, कोणता माल कोणत्या बिलातला हे वहीत उतरवून ठेवावं. सहा महिन्यांनी ही यादी कोणालाही खात्रीने करता येत नाही.

## नोटीस कुठून येते

आपल्या दुकानदाराने यातलं काही केलं नाही. सीएमपी-08 मध्ये तो फक्त दुकानाची विक्री दाखवत राहिला. खरं तर त्या फॉर्ममध्ये करमुक्त विक्रीसह आकडा विचारलेला असतो. सप्टेंबर 2025 मध्ये प्राप्तिकराचं विवरणपत्र भरताना मात्र बँक आणि वह्या जुळाव्यात म्हणून 1 कोटी 80 लाखांची उलाढाल दाखवली गेली. एकाच पॅनवर एका खात्याकडे 1 कोटी 10 लाख आणि दुसऱ्याकडे 1 कोटी 80 लाख. शिवाय पुरवठादारांनी त्याच्या जीएसटी नंबरावर दाखवलेली खरेदी, ई-वे बिलं आणि बँकेतली जमा हेही जुळवून पाहता येतं. समजा, 6 ऑक्टोबर 2025 ला नोटीस आली.

ती आली पोर्टलवर. नोंदणीच्या वेळी मोबाइल आणि ईमेल सल्लागाराचा दिलेला, सल्लागाराकडे शेकडो फाइली, त्यामुळे दुकानदाराला कळेपर्यंत आठ दिवस गेलेले असतात. हे मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याला घडतं. पोर्टलवर टाकलेली नोटीस पोहोचली असं खातं धरतं. म्हणून नोंदणीत स्वतःचा मोबाइल नंबर घालून घेणं, ही या लेखातली सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

## सीएमपी-05 आणि डीआरसी-01: दोन वेगळ्या नोटिसा

पहिली नोटीस सीएमपी-05. ती पैसे मागत नाही. तिचा प्रश्न एवढाच असतो की तुम्ही या तारखेपासून कंपोझिशनला पात्र नव्हता असं दिसतं, तर तुमचा पर्याय का काढून घेऊ नये? उत्तराला पंधरा दिवस. उत्तर सीएमपी-06 मध्ये द्यायचं. त्यानंतर तीस दिवसांत अधिकारी सीएमपी-07 हा आदेश काढतो: उत्तर मान्य, किंवा अमुक तारखेपासून पर्याय नाकारला.

हा अमुक तारखेचा मुद्दा निसटू देऊ नये. अधिकारी मागची तारीख धरू शकतो, पण अट मोडली त्या दिवसाच्या आधीची नाही. नोटिशीत ढोबळपणे 1 एप्रिल 2024 लिहिलेलं असेल आणि तुमच्या वह्या 10 फेब्रुवारी 2025 दाखवत असतील, तर दहा महिन्यांच्या विक्रीवरचे 18 टक्के वाचवणारं उत्तर तुमच्याच खातेवहीत आहे. महिनावार बेरजा, तुरीची बिलं, रेषा ओलांडणारं नेमकं बिल, एवढं जोडून उत्तर द्यावं. "चुकून झालं, माफी असावी" अशा दोन ओळींच्या उत्तराने ही तारीख हातची जाते.

दुसरी नोटीस डीआरसी-01. पैशांची मागणी ती करते: इतका कर, इतकं व्याज, इतका दंड. 2024-25 पासूनच्या वर्षांसाठी ती कलम 74अ खाली येते, आणि त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून 42 महिन्यांपर्यंत कधीही येऊ शकते. सीएमपी-07 आला, पैसे कोणी मागितले नाहीत, म्हणजे विषय संपला असं समजू नये.

## हिशोब: तोच कर, तीन वेगळे आकडे

10 फेब्रुवारी ते 6 ऑक्टोबर 2025 या काळात दुकानाची करपात्र विक्री धरू 80 लाख. त्यावर 1 टक्क्याने 80 हजार भरलेले आहेत. त्याच काळातली पक्क्या बिलांची खरेदी करासह 66 लाख. 10 फेब्रुवारीला दुकानात करासह 12 लाखांचा माल होता.

आधी 80 लाखांवरचा कर. अधिकारी सरळ 18 टक्के लावेल तर 14 लाख 40 हजार होतात. पण गिऱ्हाइकाने दिलेली किंमत करासहित होती असं धरलं, तर कर निघतो 80 लाख गुणिले 18 भागिले 118, म्हणजे सुमारे 12 लाख 20 हजार. किमतीत कर धरलेला असेल तर असाच हिशोब करायचा, हे नियम 35 सांगतो. वेगळा कर घेतलेला नाही हे बिलांवरून दिसतं, म्हणून ही मागणी उत्तरात लेखी करावी. प्रत्येक अधिकारी ती मान्य करेल असं नाही, पण न मागता मिळणार नाही. फरक 2 लाख 20 हजारांचा आहे.

आता क्रेडिट. 66 लाखांच्या खरेदीत कर आहे सुमारे 10 लाख 7 हजार. शिल्लक मालात सुमारे 1 लाख 83 हजार.

दुकानदार 10 फेब्रुवारीलाच बाहेर पडला असता तर? 12 लाख 20 हजारांतून 11 लाख 90 हजारांचं क्रेडिट वजा होऊन रोख भरायचे राहिले असते जेमतेम 30 हजार. कंपोझिशनमध्ये भरलेल्या 80 हजारांपेक्षाही कमी. हा आकडा इतका छोटा दिसतो, कारण दुकानात अजून न विकलेल्या मालाचं क्रेडिटही यात आलं आहे. तो माल विकला की त्यावरचा कर भरावाच लागेल. तरीही चित्र स्पष्ट आहे: वेळेवर बाहेर पडणं महाग नव्हतं.

शिल्लक मालाचं क्रेडिट गेलं आणि खरेदीचं राहिलं, तर 2 लाख 13 हजार. भरलेले 80 हजार जमेला धरले तर 1 लाख 33 हजार द्यायचे.

आणि कुठलंच क्रेडिट मिळालं नाही, तर 11 लाख 40 हजार.

विक्री तीच, दर तोच. फरक फक्त क्रेडिट हातात राहिलं की गेलं याचा. 80 लाखांच्या पाइप-मोटारींच्या विक्रीत दुकानदाराला दहा-अकरा लाख सुटत असतील, तर तिसऱ्या आकड्यात त्याची त्या काळातली सगळी कमाई जाते.

## क्रेडिट का जातं

वेळेमुळे. एखाद्या आर्थिक वर्षातल्या खरेदीचं क्रेडिट पुढच्या वर्षीच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. फेब्रुवारी-मार्च 2025 मधल्या खरेदीसाठी ती तारीख 30 नोव्हेंबर 2025. नोटीस 6 ऑक्टोबरला, उत्तराला पंधरा दिवस, आदेशाला तीस दिवस: सगळं नोव्हेंबरच्या शेवटावर येऊन टेकतं. इथे उत्तराला मुदतवाढ मागणं म्हणजे स्वतःचंच क्रेडिट घालवणं. शिल्लक मालाचंही तसंच. सीएमपी-07 नंतरही तीस दिवसांत आयटीसी-01 भरता येतो, पण वर्षापेक्षा जुन्या बिलांचं क्रेडिट मिळत नाही. आदेश नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस आला, तर त्या मालातली नोव्हेंबर 2024 च्या आधीची बिलं गेली.

हीच नोटीस एक वर्ष उशिरा, ऑक्टोबर 2026 मध्ये आली असती, तर शिल्लक मालाचं सगळं क्रेडिट आणि फेब्रुवारी-मार्चच्या खरेदीचं क्रेडिट दोन्ही संपलेलं असतं. आणि नोटीस यायला 42 महिने मिळतात, हे लक्षात घ्या. खात्याला साडेतीन वर्षं, क्रेडिटला मात्र फार तर वीस महिने, कधी जेमतेम आठ. मला हे न्याय्य वाटत नाही. कर मागायला जितका काळ मागे जाता येतं, तितकाच काळ मागचं क्रेडिटही द्यायला हवं. पण आज कायदा असा आहे आणि दुकानदाराला त्याच्यातच वाट काढायची आहे.

दुसरं कारण कच्ची पावती. कंपोझिशनमध्ये क्रेडिट मिळतच नाही, म्हणून बरेच जण पक्कं बिल घेत नाहीत किंवा पुरवठादाराला जीएसटी नंबर देत नाहीत. बाहेर पडायची वेळ येते तेव्हा त्या खरेदीचं क्रेडिट मागायला आधारच उरत नाही. आपल्या हिशोबातले 66 लाख पक्क्या बिलांचे होते म्हणून दहा लाखांचं क्रेडिट दिसलं.

तिसरी अडचण कागदोपत्री. तेव्हा तुम्ही कंपोझिशनमध्ये होता, मग क्रेडिट कसलं, अशी हरकत अधिकारी घेऊ शकतो. त्याला उत्तर हे की क्रेडिटची बंदी कंपोझिशनमध्ये असणाऱ्याला आहे. 10 फेब्रुवारीपासून मी कंपोझिशनमध्ये नव्हतो, असं तुम्हीच म्हणता. मग त्या दिवसापासूनचा पूर्ण कर घेताना क्रेडिटही द्या. ही बाजू मजबूत आहे, पण ती मुदतीच्या आत आणि लेखी मांडली तरच.

## दंड आणि व्याज

उशिरा भरलेल्या करावर व्याज वर्षाला 18 टक्के, म्हणजे महिन्याला दीड टक्का. ते टळत नाही. मागच्या महिन्यांची जीएसटीआर-1 आणि जीएसटीआर-3बी ही विवरणपत्रं भरताना विलंब शुल्क दिवसाला 50 रुपये. दीड ते पाच कोटींच्या उलाढालीला ते प्रत्येक विवरणामागे जास्तीत जास्त 5 हजारांपर्यंत जातं.

दंड मात्र तुमच्या हातात आहे. फसवणुकीचा आरोप नसेल आणि कर व व्याज डीआरसी-01 येण्याआधी किंवा आल्यापासून साठ दिवसांत भरलं, तर दंड शून्य. त्यानंतर कराच्या 10 टक्के किंवा 10 हजार, जे जास्त असेल ते. फसवणूक किंवा जाणूनबुजून लपवणूक ठरली तर दंड कराइतकाच. आपल्या दुकानदाराने सीएमपी-08 मध्ये तूर दाखवली नव्हती, त्यामुळे लपवणुकीचा आरोप होऊ शकतो. त्याच्या बाजूने बोलणारी गोष्ट एकच: तुरीची विक्री बँकेतून, बिलाने झाली आणि प्राप्तिकरात ती त्याने स्वतः दाखवली. लपवायचं असतं तर तिथेही दाखवली नसती. हे उत्तरात लिहायलाच हवं.

## नोटीस आलेली नाही, पण बेरीज केल्यावर घाम फुटला तर

ज्यांनी हे वाचून आज वह्या काढल्या त्यांच्यासाठी. रेषा याच आर्थिक वर्षात ओलांडली असेल तर सीएमपी-04 लगेच भरा आणि तारीख खरी लिहा. मागच्या वर्षी ओलांडली असेल तर एक बारकावा आहे. केंद्राच्या डिसेंबर 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे, स्वतःहून बाहेर पडताना तारीख चालू आर्थिक वर्षाच्या सुरुवातीआधीची देता येत नाही. म्हणजे आपल्या दुकानदाराला जून 2025 मध्ये चूक कळली असती, तर सीएमपी-04 मध्ये 1 एप्रिल 2025 पर्यंतच मागे जाता आलं असतं. फेब्रुवारी-मार्चचा करातला फरक आणि व्याज डीआरसी-03 या फॉर्मने आपणहून भरून टाकायचं, म्हणजे त्यावर दंड लागत नाही. म्हणून शक्य तेव्हा हे काम 31 मार्चच्या आत उरकावं. जानेवारी ते मार्च हाच आपल्याकडे तूर-हरभऱ्याचा काळ, आणि बहुतेकांची रेषा याच महिन्यांत ओलांडली जाते.

## "मग तूर बायकोच्या नावावर केली असती तर?"

हा सल्ला मोंढ्यात फुकट मिळतो. तिचा पॅन, तिचं बँक खातं, तिचं भांडवल, तिची खरेदी आणि खरोखर तिने चालवलेला धंदा असेल, तर तो वेगळा धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही. पण पैसे तुमच्या खात्यातून, माल तुमच्या गोदामातून आणि सह्या तेवढ्या तिच्या, असं असेल तर तपासणीत दोन्ही एकत्र धरले जाऊ शकतात. आणि तेव्हा चूक झाली म्हणण्याची सोय उरत नाही, कारण विभागणी जाणूनबुजून केलेली असते. दहा टक्क्यांचा दंड कराइतका होतो तो अशाच प्रकरणांत.

## पुन्हा कंपोझिशनमध्ये येता येतं का

येतं. एखाद्या वर्षाची एकूण उलाढाल, तूर-हरभरा धरून, दीड कोटीच्या आत राहिली, तर 31 मार्चपर्यंत सीएमपी-02 भरून पुढच्या 1 एप्रिलपासून परत जाता येतं. मात्र त्या दिवशी दुकानात असलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिट आयटीसी-03 भरून परत करावं लागतं, आणि त्यासाठी वर्ष सुरू झाल्यापासून साठ दिवस मिळतात. ज्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः शेतकरी आहे त्यांना हे परवडू शकतं. ज्यांच्याकडे ठेकेदार आणि नोंदणी असलेले दुकानदार माल घेतात, त्यांनी आधी हिशोब करून पाहावा. त्यांच्या गिऱ्हाइकाला क्रेडिट हवं असतं, आणि ते फक्त टॅक्स इन्व्हॉइसवरच मिळतं.